८५ टक्क्यांचं वेळापत्रक तिसऱ्या आठवड्यात का मोडतं?

दसऱ्याची सुट्टी संपली, सहामाहीचे पेपर हातात आले, की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दहावीची मुलं असलेल्या घरांत भिंतीवर नवं वेळापत्रक चिकटतं. वर लाल शाईत ‘लक्ष्य ८५ टक्के’, खाली सहा विषय आणि प्रत्येकासमोर रोज ४० मिनिटं. पहिला आठवडा दणक्यात जातो. दुसऱ्या आठवड्यात गणित मागे पडतं आणि ते भरून काढायला समाजविज्ञानाची वेळ घेतली जाते. तिसऱ्या आठवड्यात कागद भिंतीवरच राहतो आणि ज्या विषयाची उद्या चाचणी, त्याचाच अभ्यास सुरू होतो. जानेवारीत प्रिपरेटरी परीक्षेनंतर हाच खेळ पुन्हा एकदा.

शिकवणीला येणाऱ्या मुलांत दरवर्षी हे दिसतं. पालक म्हणतात पोरगं आळशी आहे. मी आधी कागद मागतो, कारण बहुतेक वेळा घोळ त्या आकडेमोडीतच असतो. ८५ टक्के हा आकडा थेट तासांत वाटलेला असतो. मधली पायरी, म्हणजे नेमके कोणते गुण कुठून आणायचे हे ठरवणं, गाळलेली असते.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. खानापूर तालुक्यातली मराठी माध्यमाची मुलगी, शाळेत पहिली भाषा मराठी, दुसरी इंग्रजी, तिसरी कन्नड. तुमच्याकडे भाषांचा क्रम वेगळा असला तरी रीत तीच. एसएसएलसी एकूण ६२५ गुणांची. पहिल्या भाषेला १२५, त्यात लेखी १०० आणि अंतर्गत २५. बाकी पाच विषयांना प्रत्येकी १००, त्यात लेखी ८० आणि अंतर्गत २०. ६२५ चे ८५ टक्के म्हणजे ५३१.२५, तेव्हा तिला ५३२ गुण हवेत.

पहिली गफलत: टक्केवारी सगळ्या विषयांवर सारखी लावणं

ओळखायची खूण सोपी. वेळापत्रक मोडतं तेव्हा ते नेहमी एकाच विषयामुळे मोडतं आणि चांगल्या विषयांकडे महिनाभर कुणी बघितलेलंच नसतं.

या मुलीच्या कागदावर प्रत्येक विषयात ८५ टक्के असं लिहिलं होतं. तिचे अंतर्गत गुण गणितात १८ च्या आसपास येणार होते, म्हणजे लेखीत ६७ हवे. सहामाहीत होते ४१. एकदम २६ गुणांची उडी. उलट मराठीत लेखी ८२ आणि अंतर्गत २३ धरले तर १०५ होतात, म्हणजे ८५ टक्क्यांना जेमतेम सव्वा गुण कमी. त्या हिशोबाने मराठीचं काम झालंच होतं. म्हणून तिने मराठीचं पुस्तक मिटलं आणि गणितात बुडाली.

दुरुस्ती अशी. आधी अंतर्गत गुण बाजूला काढा. आकारिक चाचण्यांमध्ये आतापर्यंत काय पडलंय ते विषयाच्या शिक्षकांना विचारा, अंदाजाने वीसपैकी वीस धरू नका. तिचे सहा विषयांचे मिळून ११४ येत होते. ५३२ मधून ११४ गेले, उरले ४१८. हे ५०० पैकी लेखीत मिळवायचे. सहामाहीच्या लेखी गुणांची बेरीज ३३८. म्हणजे खरी दरी ८० गुणांची.

८० हा आकडा हातात आला की प्रश्नच बदलतो. कुठल्या विषयात ८५ टक्के पडायला हवेत, याच्याशी आता काही देणंघेणं नाही. हे ८० गुण सगळ्यात स्वस्तात कुठे मिळतील, एवढंच बघायचं. आम्ही दोन गुण जास्तीचे धरून अशी वाटणी केली:

| विषय | सहामाही लेखी | लक्ष्य | वाढ | आठवड्याच्या बैठका |
|---|---|---|---|---|
| मराठी | ८२/१०० | ९० | ८ | २ |
| इंग्रजी | ५०/८० | ६४ | १४ | ३ |
| कन्नड | ५८/८० | ६८ | १० | ३ |
| गणित | ४१/८० | ६२ | २१ | ५ |
| विज्ञान | ४६/८० | ६४ | १८ | ४ |
| समाजविज्ञान | ६१/८० | ७२ | ११ | ३ |

बैठकांचं पुढे सांगतो. आधी मराठी बघा. सारख्या टक्केवारीच्या हिशोबाने तिथे सव्वा गुण पुरत होता, इथे आठ मागितलेत. तिच्या मराठीच्या पेपरात व्याकरणाचे आणि पत्रलेखनाच्या मांडणीचे गुण गेले होते, ते परत आणणं गणितातल्या पाच गुणांच्या प्रश्नापेक्षा कितीतरी सोपं. समाजविज्ञानातही तसंच. त्या दोन विषयांनी भार उचलला म्हणून गणिताची उडी २६ वरून २१ वर आली, विज्ञान आणि इंग्रजीचीही प्रत्येकी तीन गुणांनी कमी झाली.

‘स्वस्त’ कसं ठरवायचं? तपासलेला पेपर समोर घ्या आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे तीनपैकी एक खूण करा: येत नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. मधल्या खुणेचे गुण सगळ्यात आधी परत येतात. कन्नडच्या पेपरात हे फार ठळक दिसतं. आपली पोरं बाजारात, बसमध्ये कन्नड बोलतात, उत्तरही माहीत असतं, पण लिहिताना जोडाक्षर घसरतं. देवनागरीत आपण आधी अर्धं अक्षर लिहितो आणि मग पूर्ण. कन्नडमध्ये पहिलं अक्षर पूर्ण येतं आणि दुसऱ्याचं ओत्तक्षर त्याच्या खाली किंवा बाजूला लागतं. हात मराठी सवयीने चालतो आणि उलटं लिहून बसतो. या मुलीच्या कन्नडमधल्या गेलेल्या गुणांत बरेचसे असलेच होते. त्याला धडे पुन्हा वाचून उपयोग नाही, रोज पाच-सात ओळींचं शुद्धलेखन हवं. म्हणूनच दहाच गुण वाढवायचे असूनही कन्नडला तीन बैठका दिल्या. हात वळायला थोडं पण वरचेवर लिहावं लागतं.

दुसरी गफलत: दिवसाचं लक्ष्य तासांत किंवा पानांत लिहिणं

याची खूण वेगळी. वेळापत्रकावर सगळीकडे बरोबरच्या खुणा आहेत, मूल खरंच बसतंय, आणि चाचणीत गुण मात्र होते तिथेच. ‘गणित १ तास’ या ओळीत तास संपला की काम संपतं, मग त्या तासात काहीही होवो. बहुतेक मुलं त्यात येणारीच उदाहरणं पुन्हा सोडवतात, कारण त्यात बरं वाटतं.

इथे जरा सविस्तर जातो, कारण आठवड्याचं आणि दिवसाचं लक्ष्य इथूनच निघतं.

गणिताच्या ८० गुणांच्या पेपरात ३८ प्रश्न असतात. एकेक गुणाचे १६, त्यातले आठ बहुपर्यायी. दोन गुणांचे आठ, तीन गुणांचे नऊ, चार गुणांचे चार आणि पाच गुणांचा एक. मंडळाचे नमुना पेपर kseab.karnataka.gov.in वर मिळतात, त्यातला एखादा समोर ठेवून हे ताडून बघा. तिचे ३९ गुण गेले होते ते असे: एकगुणीत ४, दोनगुणीत ५, तीनगुणीत १४, चारगुणीत ११ आणि पाचाचा प्रश्न पूर्ण. पाचाच्या प्रश्नाला आम्ही हातच लावायचा नाही असं ठरवलं. तिच्या वडिलांना ते पटलं नाही. पण त्या पाच गुणांना जितके दिवस लागले असते, तेवढ्यात तीनगुणीचे नऊ गुण येतात.

मग २१ गुणांची आठ कामं केली. आलेखाने सोडवायची रेषीय समीकरणांची जोडी, ४ गुण. बाह्यबिंदूतून काढलेल्या स्पर्शिका समान असतात हे प्रमेय, ३. विभाजन सूत्र, ३. वर्तुळाच्या पाकळीचं क्षेत्रफळ, ३. अंकगणिती श्रेढीचं n वं पद, २. समीकरणांची जोडी लोप पद्धतीने, २. एकगुणी प्रश्नांचा सराव, ३. आणि मोठ्या प्रश्नात उत्तर पूर्ण न आलं तरी सूत्र आणि पायऱ्या मांडून येणारा एक गुण. बेरीज २१.

यातलं एक काम म्हणजे गणिताचं एका आठवड्याचं लक्ष्य. कागदावर ‘या आठवड्यात गणित ५ बैठका’ एवढंच लिहिलं तर आपण पुन्हा त्याच खड्ड्यात. तिथे लिहायचं: ‘या आठवड्यात आलेख पक्का. रविवारी न बघता दोन आलेख, दोन्ही पूर्ण गुणांचे.’

आणि दिवसाचं लक्ष्य या रविवारपासून मागे येतं. आलेखाच्या आठवड्यात तिचे दिवस असे होते. सोमवारी फक्त कोष्टक: चार जोड्या घेऊन x च्या किमतींवरून y काढायच्या, आलेखपेपरला हातही लावायचा नाही. कारण तिच्या पेपरात रेषा वाकडी आली होती ती मुळात एका किमतीचं चिन्ह चुकल्यामुळे, काढताना हात चुकला म्हणून नव्हे. मंगळवारी प्रमाण लिहून, अक्षांना नावं देऊन दोन आलेख, वही उघडी ठेवून. गुरुवारी दोन, वही मिटून. शनिवारी एक, घड्याळ लावून दहा मिनिटांत. रविवारी परीक्षा. पाच बैठका, पाच कामं, आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ हे वाद न घालता सांगता येतं. दिवसाच्या लक्ष्याची कसोटी तीच. घरातल्या दुसऱ्या माणसाला वही बघून हो-नाही सांगता आलं पाहिजे, त्याला गणित येत असो नसो.

विज्ञानातही असंच. तिथे तिची कामं म्हणजे नावं दिलेल्या आकृत्या, रासायनिक समीकरणं संतुलित करणं, आणि विद्युत धड्यातली आकडेमोड. भाषांत पत्र, निबंध, व्याकरण. सगळ्यांची यादी इथे देत नाही, तुमच्या पेपरवरच्या खुणा ती देतील.

एक धोका मात्र सांगायला हवा. सहामाही निम्म्या अभ्यासक्रमावर असते. ४१ गुण आले ते पहिल्या सत्राच्या धड्यांवर. वार्षिक पेपरात त्रिकोणमिती, सांख्यिकी वगैरे दुसऱ्या सत्राचे धडेही येणार. म्हणून ही आठ कामं जुन्या गळतीची दुरुस्ती आहे, नवे धडे त्यात धरलेले नाहीत. ते शाळेत शिकवले त्याच दिवशी गृहपाठाच्या वेळेत करायचे. बैठका गृहपाठ सोडून मोजायच्या, त्या यासाठीच.

तिसरी गफलत: मोकळी जागाच न ठेवणं

खूण: सोमवारचं राहिलं ते मंगळवारी, मंगळवारचं बुधवारी, आणि शुक्रवारी एका रात्रीत करायला सहाही विषय. मग मूल सगळंच सोडतं.

४५ मिनिटांची एक बैठक धरा. या मुलीची बस संध्याकाळी साडेपाचला गावात पोचते. गृहपाठ, जेवण आणि अधूनमधून जाणारी वीज धरून शाळेच्या दिवशी तीन बैठका खऱ्या. शनिवारी चार, रविवारी पाच. आठवड्याच्या झाल्या चोवीस. त्यातल्या वीसच वाटायच्या, वर कोष्टकात आहेत तशा. चार कोऱ्या. मी त्यातली एक बुधवारी आणि उरलेल्या तीन शनिवार-रविवारी ठेवायला सांगतो.

राहिलेलं काम दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. ते कोऱ्या बैठकीत जातं. चारच्या वर कामं राहिली तर जास्तीचं सरळ खोडायचं आणि पुढच्या आठवड्यात नव्याने लिहायचं. सलग दोन आठवडे खोडावं लागलं तर वीस हा आकडाच खोटा आहे, सोळावर या. ज्या घरांत डिसेंबर-जानेवारीत ऊसतोडीच्या दिवसांत मुलांना शेतावर जावं लागतं, त्यांनी त्या महिन्यांत आधीच सोळा धरावेत. पालक म्हणतात पुढे भरून काढेल. नाही काढत.

आठवडे मोजतानाही तीच कंजुषी हवी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत साधारण १९ आठवडे मिळतात. त्यातले शेवटचे दोन उजळणीचे, दोन प्रिपरेटरींचे, आणि एक यल्लम्माची जत्रा, घरातलं लग्न, तापसर्दी यांच्या नावाने आधीच सोडून द्यायचा. उरले चौदा. गणिताची कामं आठ, म्हणजे सहा आठवडे शिल्लक. मुलं लगेच त्यात नवीन काहीतरी भरायला बघतात. ते मोकळेच ठेवा, त्यांचं काय करायचं ते प्रिपरेटरी सांगते.

एवढं करूनही गुण वाढले नाहीत तर

पहिल्या प्रिपरेटरीत या मुलीला गणितात ५० पडले. तोवर सहा कामं झाली होती, त्यांचेच १५ गुण होतात. म्हणजे ५६ यायला हवे होते. घरात पुन्हा रडारड.

इथे पेपर दोन रंगांत बघायचा. दुरुस्त केलेल्या प्रकारांवर आलेले प्रश्न एका रंगाने, बाकी दुसऱ्या. दुरुस्त केलेल्या प्रकारांत गुण गेले असतील तर रविवारची परीक्षा खरी नव्हती, वही बघून सोडवलं गेलं. मग ते काम यादीत परत घालायचं आणि पुढच्या रविवारी परीक्षा घरातल्या मोठ्यांसमोर. तिचं तसं नव्हतं. आलेख, स्पर्शिका, विभाजन सूत्र सगळं बरोबर होतं. गळती नव्या धड्यांत होती, विशेषतः त्रिकोणमितीत. गृहपाठाच्या वेळेत तो धडा उरकला गेला होता, शिकला गेला नव्हता. शिल्लक आठवड्यांतले दोन त्रिकोणमितीला गेले, एक सांख्यिकीतल्या मध्यमान-मध्यगेला. बाकी विषयांच्या बैठकांना हात लावला नाही, आणि हे महत्त्वाचं, कारण इथेच गणित पुन्हा सगळं गिळतं.

दुसऱ्या प्रिपरेटरीपर्यंत गणित ५६ च्या आसपासच अडकलं तर लक्ष्याचा कागद पुन्हा मांडायचा. आपली वाटणी ५३४ ची होती. गणितात सहा कमी म्हणजे ५२८, साडेचौऱ्याऐंशीच्या जरा खाली. ५३२ ला चार गुण हवेत. ते समाजविज्ञानात शोधू नका. ८० पैकी ७२ च्या वर एकेक गुण फार महाग पडतो. इंग्रजीत ६४ वर अजून जागा आहे. तिथे पत्रलेखन आणि व्याकरणात दोन-तीन गुण सापडतात का ते पेपरवरच्या ‘येत होतं पण चुकलं’ खुणांवरून बघा. त्या खुणा दोनच उरल्या असतील तर भिंतीवर ५३० लिहा आणि शेवटच्या दोन आठवड्यांत नवं काही उघडू नका. मंडळाची दुसरी परीक्षाही असते आणि विषयवार जास्त आलेले गुण धरले जातात. पण तो पर्याय निकाल हातात आल्यावर, एखाद-दुसऱ्या विषयापुरता वापरायचा. नोव्हेंबरच्या वेळापत्रकात त्याला जागा नाही.